आभाळातले डाग एकदाच पुसायचे

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या संध्याकाळी तिथे कॅमेरा लावून बसलेला माणूस सहज शे-दीडशे फोटो काढून उतरतो. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळं झकास दिसतं. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पहिला फोटो उघडला की आभाळात वरच्या कोपऱ्यात एक करडा, मऊ कडांचा ठिपका दिसतो. पुढच्या फोटोत तोच ठिपका, तिथेच. त्याच्या पुढच्याही. मग एकेक करून असे आठ-नऊ ठिपके नजरेला पडतात आणि पुढे ते सोडून दुसरं काही दिसेनासं होतं.

नऊ डाग गुणिले दीडशे फोटो म्हणजे तेराशे पन्नास वेळा पुसायचं काम. ते एका फोटोवर करून बाकीच्यांवर उतरवता येतं. रॉ फोटोंवर काम करणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. इथे लाइटरूम क्लासिक धरून सांगतो, कारण आपल्याकडच्या छायाचित्रकारांत तेच जास्त चालतं. काम तसं पाच मिनिटांचं आहे, पण त्यात एक निर्णय असा आहे की तो चुकला तर डाग जातात आणि त्यांच्या जागी दुसरंच काहीतरी दिसू लागतं. त्याकडे येण्याआधी डाग मुळात कुठून आला ते पाहू.

सेन्सरवर धूळ बसते असं आपण म्हणतो, पण ती बसते सेन्सरच्या पुढे लावलेल्या पातळ काचेच्या फिल्टरवर. ही काच आणि प्रकाश टिपणारा थर यांच्यात थोडं अंतर असतं. त्यामुळे फोटोत उमटते ती धूळ नव्हे, धुळीची सावली. ट्यूबलाइटच्या उजेडात भिंतीपासून वीतभर लांब धरलेल्या पेन्सिलीची सावली पसरट आणि फिकी पडते आणि लहानशा बल्बच्या उजेडात तीच काळी नि रेखीव होते, तसाच हा प्रकार. लेन्सचं अॅपर्चर मोठं उघडं असलं की प्रकाश मोठ्या तोंडातून येतो आणि सावली पसरून नाहीशी होते. अॅपर्चर बारीक केलं की ती घट्ट होते.

आकड्यांत सांगायचं तर काचेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ढोबळ मानाने दीड मिलिमीटर धरा. सावली किती पसरेल ते काढायला या अंतराला एफ-नंबरने भागायचं. एफ/२.८ ला सावली अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त पसरते आणि एफ/१६ ला एक दशांश मिलिमीटरहूनही कमी. आता अर्ध्या दशांश मिलिमीटरचा एक कण घ्या. एफ/२.८ ला तो आपल्या जागेवरचा जेमतेम १ टक्का प्रकाश अडवतो, जो कुणाच्याही डोळ्याला कळणार नाही. तोच कण एफ/१६ ला पाव भागाहून अधिक प्रकाश खातो. म्हणून लग्नातले, पोर्ट्रेटचे फोटो काढणाऱ्याला आपल्या कॅमेऱ्यात धूळ आहे याचा वर्ष-वर्ष पत्ता नसतो आणि डोंगर-आभाळवाल्याला पहिल्याच दिवशी लागतो. खडकावर, झाडीत, गवतात हाच डाग असतो, पण दिसत नाही. आभाळ सपाट असल्यामुळे तो तिथे लपत नाही.

आता कामाला लागू. उदाहरण म्हणून कोकणकड्याची एकच संध्याकाळ घ्या. १४० फोटो, त्यातले बहुतेक २४-७० लेन्सने एफ/११ वर काढलेले. सूर्य टेकायच्या सुमाराला त्याच्या किरणांचा तारा उमटावा म्हणून काही एफ/१६ वर. मध्ये वीस-पंचवीस फोटोंपुरती ७०-२०० लावली होती. आणि शेवटच्या अर्ध्या तासात ट्रायपॉडवर दर ५ सेकंदांनी एक, असे ढगांच्या व्हिडिओसाठी ३६० फोटो वेगळे.

पहिलं काम पुसण्याचं नाही, वाटणी करण्याचं. लेन्स काढली-लावली की धूळ आत शिरते, आतली हलते. शिवाय अनेक कॅमेरे चालू-बंद होताना सेन्सरला सूक्ष्म हादरा देऊन धूळ झटकतात, तेव्हाही एखादा कण जागा सोडतो. लेन्स बदलण्याआधीचे फोटो, ७०-२०० चे फोटो आणि नंतरचे फोटो असे तीन गट करावेत. लेन्सनुसार गट करण्याला आणखी एक कारण आहे आणि ते सहसा कुणी सांगत नाही. वेगवेगळ्या लेन्समधून प्रकाश सेन्सरवर वेगवेगळ्या कोनात उतरतो, त्यामुळे कण तिथेच असला तरी कोपऱ्यांतली सावली थोडी सरकते. मधल्या भागात फरक जाणवत नाही. कोपऱ्यात मात्र एका लेन्ससाठी मारलेलं वर्तुळ दुसऱ्या लेन्सच्या फोटोत डागाच्या शेजारी पडू शकतं. उभे काढलेले फोटोही बाजूला ठेवावेत आणि त्यांच्यातला एक स्वतंत्र तपासावा. व्हिडिओसाठीचे ३६० फोटो तर पूर्ण वेगळाच गट. का ते पुढे येईलच.

प्रत्येक गटातून एक फोटो नमुना म्हणून निवडायचा. अॅपर्चर सर्वांत बारीक, म्हणजे आपल्या उदाहरणात एफ/१६, आणि आभाळ सर्वांत मोकळं, असा. त्यातही गटाच्या शेवटाकडचा मिळाला तर उत्तम, कारण धूळ वेळेबरोबर वाढते, कमी क्वचितच होते. हा फोटो डेव्हलप मॉड्यूलमध्ये उघडून Q दाबलं की डाग काढायचं साधन हाती येतं. खाली Visualize Spots नावाची एक चौकट आहे, तिची की A. ती दाबली की फोटो काळा-पांढरा, नुसत्या कडांचा होतो आणि आभाळातले डाग पांढऱ्या कड्यांसारखे चमकतात. शेजारचा स्लायडर थोडा खाली-वर करावा. फार वर नेला तर आभाळातला नॉइजसुद्धा डाग वाटू लागतो आणि माणूस नसलेली धूळ पुसत बसतो.

इथे एक गंमत होते. कोकणकड्यावर घारी घिरट्या घालत असतात आणि लांबची घार या काळ्या-पांढऱ्या दृश्यात हुबेहूब डागासारखी उमटते. ओळखायची रीत सोपी: बाणाच्या कीने पुढच्या फोटोवर जा. घार हललेली असते. धूळ जिथल्या तिथे असते. धुळीचा डाग बहुधा गोलसर, कडा विरघळलेला आणि मधे जरा गडद असतो. धागा अडकला असेल तर तो केसासारखा वळलेला दिसतो आणि त्याला ठिपक्याऐवजी ब्रशचा फटका मारावा लागतो.

साधनात तीन पर्याय आहेत: Remove, Heal आणि Clone. आभाळासाठी Heal घ्यावा. Clone दुसऱ्या जागेचा तुकडा जसाच्या तसा आणून चिकटवतो. आभाळाचा रंग क्षितिजाकडून वर जाताना सतत बदलत असतो, त्यामुळे तो तुकडा फिकट किंवा गडद चकतीसारखा उठून दिसतो. Heal दुसऱ्या जागेचा पोत घेतो, पण रंग आणि उजेड डागाच्या भोवतालचा ठेवतो. Remove आजूबाजूचं पाहून नवं चित्र भरतो. एकट्या फोटोतली तार किंवा खांब काढायला तो छान आहे. दीडशे फोटोंतल्या ठिपक्यांना त्याची गरज नाही आणि तो संगणकाला दमवतो.

वर्तुळ डागापेक्षा साधारण पाव भाग मोठं घ्यावं. चौकोनी कंसाच्या कीने ते लहान-मोठं होतं. कडा मऊ ठेवायच्या, म्हणजे Feather मध्यावर. मग डागावर एकदा क्लिक करायचं आणि हात उचलायचा. लाइटरूम शेजारी दुसरं वर्तुळ दाखवतो. पोत जिथून उचलला ती ही जागा, म्हणजे स्रोत. वर सांगितलेला निर्णय याच दुसऱ्या वर्तुळाचा: त्याला हात लावायचा की नाही?

तुम्ही फक्त क्लिक केलं आणि स्रोत हलवला नाही, तर लाइटरूम 'स्रोत मी शोधला आहे' अशी नोंद ठेवतो. हे काम दुसऱ्या फोटोवर उतरवलं की तिथे तो त्या फोटोचं आभाळ पाहून नव्याने स्रोत शोधतो. तुम्ही स्रोताचं वर्तुळ ओढून दुसरीकडे नेलंत, तर नोंद होते की जागा माणसाने ठरवली आहे. मग तो प्रत्येक फोटोत मुकाट्याने त्याच जागेवरून पोत उचलतो, तिथे ढग असो, कड्याची धार असो, की कुणाची टोपी. रॉ फाइलला यातलं काहीच शिवत नाही. हे सारं सूचनांच्या रूपात वेगळं लिहिलं जातं. Ctrl आणि S दाबून या सूचना फाइलबरोबर जतन केल्या आणि शेजारी तयार झालेली एक्सएमपी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली, तर प्रत्येक डागामागे अशा ओळी सापडतात:

```
crs:SpotType="heal"
crs:SourceState="sourceAutoComputed"
```

स्रोत हाताने हलवला असेल तर दुसऱ्या ओळीत `sourceSetExplicitly` असं येतं. डागाची जागाही तिथेच लिहिलेली असते, पण पिक्सेलमध्ये नव्हे. पूर्ण चौकटीच्या रुंदी-उंचीचा अपूर्णांक म्हणून. चौकट म्हणजे कापण्याआधीची. त्यामुळे नमुन्याचा फोटो तुम्ही थोडा क्रॉप केलेला असला आणि बाकीचे नसले तरी डागाची जागा चुकत नाही.

आपल्या १४० फोटोंत दर वेळी कॅमेरा हलला आहे. कधी क्षितिज वर, कधी खाली, कधी डावीकडे कड्याचा नळीसारखा वाक आत आलेला. अशा गटात स्रोताला अजिबात हात लावू नये. नऊ डागांवर नऊ क्लिक, बस. एखाद्या डागाचा स्रोत नमुन्याच्या फोटोत वाईट पडला, तरी तो तिथे ओढण्याचा मोह टाळावा. सिंक करून झाल्यावर त्या एका फोटोपुरता तो दुरुस्त करता येतो.

मग सिंक. खालच्या पट्टीत गटातले सगळे फोटो निवडा. निवडलेल्यांत एक फोटो इतरांपेक्षा जास्त उजळ दिसतो. तो नमुन्याचाच आहे याची खात्री करा. इथे घाई झाली तर डाग न पुसलेला एखादा फोटो नमुना ठरतो आणि त्याची कोरी पाटी सगळ्यांवर उतरते. तसं झालंच तर Ctrl आणि Z. एरवी Sync दाबा. जी यादी येईल तिच्यात आधी Check None करा आणि मग डागांची तेवढी एकच खूण करा. आवृत्तीनुसार तिचं नाव Spot Removal, Healing किंवा Remove असं असतं. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स यांना खूण करू नका. साडेचारचं ऊन आणि सव्वासहाचा तांबूस उजेड एकाच मापात बसवले तर डागांपेक्षा मोठं नुकसान होईल.

क्रमही लक्षात ठेवावा: आधी सिंक, मग एकेका फोटोची स्वतंत्र डागडुजी. एखाद्या फोटोत तुम्ही आधीच काही डाग काढले असतील आणि मग सिंक केलं, तर नमुन्याचे डाग येतात आणि तुमचे जातात.

सिंक झालं की तपासणी. फोटो १०० टक्के मोठा करा, View मेन्यूतलं Lock Zoom Position चालू करा, पहिल्या डागाच्या जागेवर थांबा आणि बाणाची की दाबत पुढे चला. चौकटीतला तोच कोपरा एकामागून एक फोटोंत डोळ्यांखालून जातो. H दाबलं की वर्तुळं लपतात आणि काम कसं झालंय ते उघडं दिसतं. इथे दोन प्रकारचे दोष हाती लागतात. पहिला, जिथे कॅमेरा खाली झुकला होता आणि डागाची जागा आभाळाऐवजी कड्याच्या धारेवर आली. तिथे धारेचा एक तुकडा विरघळल्यासारखा किंवा दुसरीकडचा खडक आणून बसवल्यासारखा दिसतो. अशा फोटोत ते वर्तुळ निवडून Delete दाबा. डाग खडकात तसाही दिसणार नव्हता. दुसरा दोष, जिथे घार नेमकी डागाच्या शेजारून गेली आणि लाइटरूमने तीच स्रोत म्हणून उचलली. मग आभाळात दोन घारी होतात, एक खरी आणि एक भुतासारखी. तिथे मात्र स्रोत हाताने हलवावा, त्या एकाच फोटोत.

मोठ्या अॅपर्चरवर काढलेले फोटो गटात असतील तर त्यांना ही पुसापुसी नकोच असते, कारण तिथे डाग उमटलेलाच नाही. मोकळ्या आभाळात जादा वर्तुळाने काही बिघडत नाही. पण एफ/४ वर काढलेला कुणाचा चेहरा त्या जागी असेल तर गालावरचा तीळ नाहीसा होऊ शकतो. असे फोटो निवडीतून आधीच वगळणं बरं.

आता ते व्हिडिओसाठीचे ३६० फोटो. इथे नियम बरोबर उलटा. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर आहे, चौकट बदलत नाही, फक्त ढग सरकतायत. स्रोत शोधायचं काम लाइटरूमवर सोडलं, तर तो एका फोटोत डागाच्या उजवीकडून पोत घेईल, पुढच्यात वरून, त्याच्या पुढच्यात आणखी कुठून. प्रत्येक फोटो वेगळा पाहिला तर निर्दोष. पण सेकंदाला २५ या गतीने ते पळवले की नऊ ठिकाणी आभाळ थरथरताना दिसतं. डाग गेला, पण त्याच्या जागी एक लुकलुकणारा ठिपका आला, आणि स्थिर डागापेक्षा हलणारी गोष्ट डोळ्याला लवकर सापडते. म्हणून या गटात प्रत्येक डागाचा स्रोत मुद्दाम हाताने ठरवावा. म्हणजे साऱ्या फोटोंत तो एकच राहतो आणि पोत ढगांबरोबर सलग वाहतो.

स्रोत निवडतानाही जागा पाहावी. डागाला खेटून, शक्यतो त्याच आडव्या पट्ट्यात. आभाळाचा उजेड वर-खाली जितका बदलतो तितका आडवा बदलत नाही. सूर्याच्या जवळचा डाग असेल तर सूर्यापासून तितक्याच अंतरावरची जागा घ्यावी. वर्तुळ होईल तेवढं लहान ठेवावं. ढगाची कड डागावरून सरकते तेव्हा Heal शेजारच्या ढगाचा पोत तिथे आणून ठेवतो. वर्तुळ वीस-पंचवीस पिक्सेलचं असेल तर ते कुणाला कळत नाही, शंभराचं असेल तर ढगाची कड त्या जागी अडखळते. हे आधी पन्नास-साठ फोटोंचा छोटा व्हिडिओ काढून बघावं आणि मगच सगळे फोटो बाहेर काढावेत. नुसते सुटे फोटो पाहून हा दोष सापडत नाही.

डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनाही हे करता येतं. तिथे retouch मॉड्यूलमध्ये डाग काढून त्या फोटोची हिस्ट्री दुसऱ्या फोटोंवर चिकटवायची. स्रोत मात्र तिथे तुम्ही ठेवाल तिथेच राहतो. व्हिडिओसाठी ते सोयीचं. कॅमेरा हलवत काढलेल्या फोटोंना जास्त तपासणी लागेल.

वर्तुळं वाढली की लाइटरूम मंदावतो, कारण प्रत्येक फोटो दाखवताना ती सारी पुन्हा मोजावी लागतात. एका फोटोत वीस-पंचवीसच्या वर डाग काढावे लागत असतील तर प्रश्न सॉफ्टवेअरचा राहिलेला नाही. एफ/२२ लावा, फोकस बिघडवून ठेवा, कॅमेरा थोडा हलवत मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढा. सगळी धूळ एका नजरेत दिसेल. मग रबरी ब्लोअरने, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून, फुंकर मारा. दाबलेल्या हवेचे डबे वापरू नका, त्यातून द्रव उडून काचेवर बसतो. कण नेमका कुठे आहे ते शोधताना हे ध्यानात असू द्या की लेन्स चित्र उलटं पाडते: फोटोत वर डावीकडे दिसणारा डाग, समोरून सेन्सरकडे पाहताना खाली डावीकडे असतो. ब्लोअरने न हलणारा कण ओल्या स्वॅबने निघतो. ते काम हाताला सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, आणि परत आल्यावर एफ/२२ चा तोच फोटो पुन्हा काढून पाहा.